मदत हवी आहे: घरी १५० माणसांचं जेवण, सामान किती आणि हाताशी माणसं किती?

सायलीची_वही

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत, घरच्याच अंगणात जेवण करायचं ठरलंय. यादी १५० ची आहे, त्यात २५ लहान मुलं. बेत साधा, पोळी, फ्लॉवरची भाजी, बटाट्याची सुकी भाजी, वरण-भात, कोशिंबीर आणि खीर. बुफे ठेवणार आहोत. मी आजवर जास्तीत जास्त ३० माणसांचं केलंय त्यामुळे हिशेब करताना हात थरथरतोय. माझा हिशेब असा, तांदूळ माणशी १०० ग्रॅम म्हणजे १५ किलो, कमी पडू नये म्हणून वर २० टक्के, म्हणजे १८ किलो. पोळ्या माणशी ५, म्हणजे ७५०. भाज्या प्रत्येकी २० किलो. मदतीला मी, नवरा, जाऊबाई आणि भाऊ असे चौघं आहोत. हे बरोबर आहे का? कमी पडलं तर आईला फार वाईट वाटेल, म्हणून विचारतेय.

हिशेबनीस

सोपं आहे ताई. एक माणूस एका जेवणात सगळं मिळून साधारण ६०० ग्रॅम शिजलेलं अन्न खातो, १५० गुणिले ६०० म्हणजे ९० किलो, ते पदार्थांत वाटून टाका. भात एका मोठ्या पातेल्यात एकदम लावा, घरी जसं दुप्पट पाणी घालतो तसंच. मीठ मसाला पण घरच्या प्रमाणाच्या तितक्या पट. गणित एकच आहे, फक्त आकडा मोठा.

मनीषा_घरटं

अगं आम्ही मुलीच्या वाढदिवसाला ४० जणांना बोलावलं होतं तेव्हा सगळं बाहेरून मागवलं, किती सुटसुटीत झालं. केटररच शोध ना, कुठला चांगला ते इथेच विचार.

सायलीची_वही

मनीषाताई, केटरर नकोय, आईची इच्छा आहे घरीच व्हावं. मला फक्त किती करायचं आणि किती हात लागतील तेवढं सांगा प्लीज.

जुनी_पळी

सायली, मी बरीच वर्षं अशी घरगुती कामं सांभाळलीयेत, ५० ते ३०० पर्यंत. तुझा आकडा भीतीने वाढलाय बघ. १८ किलो तांदळाचा साधारण ५० किलो भात होतो, म्हणजे माणशी ३३० ग्रॅम, आणि वर पाच पोळ्या, दोन भाज्या, खीर. इतकं कोणी खात नाही. चूक कुठे झाली, तर १०० ग्रॅम हा आकडा जिथे जेवण भातावरच असतं तिथला आहे. त्यातच पोटभर धरलेलं असतं आणि तू त्यावर पुन्हा २० टक्के चढवलेस. पोळी असताना कच्चा तांदूळ माणशी ७० ग्रॅम पुरतो.

आता माणसं मोज. १२५ मोठी, २५ मुलं अर्धी धरायची, म्हणजे १३७, आपण १४० धरू. तांदूळ १० किलो. डाळ माणशी ३५ ग्रॅम, म्हणजे ५ किलो. पोळ्या तीनच्या हिशेबाने ४२०, एक किलो कणकेच्या मध्यम आकाराच्या २८ होतात, म्हणजे १५ किलो कणीक. दोन भाज्या आहेत तर प्रत्येकी ८० ग्रॅम, साफ केलेली, ११ किलो. पण बाजारातून ११ आणलीस तर फसशील. बटाट्याची सालं जातात, १३ किलो आण. फ्लॉवरची पानं आणि दांडे काढले की निम्म्याच्या जवळपास जातं, तो २० किलो आण. खीर मात्र मुलांचीही पूर्ण धर, कारण मुलं गोड मोठ्यांइतकंच खातात, वाटीभर १२० मिलीच्या हिशेबाने १८ लिटर.

आणि हे माझ्या शब्दावर घेऊ नकोस. घरातला वाढायचा डाव घे, पाण्याने भर आणि मापाच्या भांड्यात ओत. माझा ९० मिलीचा भरतो. वरण माणशी दोन डाव, म्हणजे १८० मिली, गुणिले १४०, साधारण २५ लिटर. ५ किलो डाळीचं पातळसर वरण तेवढंच होतं. दोन्ही बाजूंनी आकडा जुळला की निश्चिंत व्हायचं.

हिशेबनीस

काकू ६०० ग्रॅम तरी बरोबर आहेत ना? आणि जास्तीचं काहीच धरायचं नाही? ऐनवेळी दहा जण वाढले तर?

जुनी_पळी

एकूण आकडा फार चुकीचा नाही, पण ९० किलो वाटून देताना कशाचे किती ते त्यातून कळत नाही, तिथेच फसगत होते. पाणी आणि मिठाचं मात्र बरोबर नाही दादा. मोठ्या पातेल्यात वाफ त्या मानाने कमी जाते, दुप्पट पाणी घातलं तर भात गिचका होतो, दीड ते पावणेदोन पट घालून बघायचं, तांदूळ जुना-नवा यावरही आहे. आणि १० किलो एकदम लावू नका. खालचा लागतो, वरचा कच्चा राहतो, मधला आपल्याच वजनाने दबतो. तीन-साडेतीन किलोचे तीन घाणे करा. मीठ-तिखट हिशेबाच्या पाऊण घालायचं, चव बघायची, मग पुढचं. जास्त पडलं की २५ लिटर वरणात दुरुस्ती नाही.

जास्तीचं धरायचं ना, पण एकदाच, आणि शिजवून ठेवायचं नाही. १० पैकी साडेआठ किलोच शिजवा. दीड किलो तांदूळ धुऊन निथळून बाजूला, शेजारी पाण्याचं पातेलं उकळतं. निम्मी माणसं जेवली की भाताच्या पातेल्यात डोकावायचं, निम्म्याहून कमी उरला असेल तर तो तांदूळ लगेच लावायचा, अर्ध्या तासात तयार. नाही लागला तर वाळवून डब्यात. भात आधी करून ठेवूही नका, सकाळी दहाचा भात दुपारी दोनपर्यंत झाकून कोमट राहिला की बिघडतो, वासाने कळेलच असं नाही. भात शेवटी, गरमागरम बाहेर. उरलेला दोन तासांच्या आत पसरट ताटांत काढून फ्रिजमध्ये, खोल पातेलं तसंच आत ठेवलं तर मधला भाग कितीतरी वेळ गरमच राहतो.

सायलीची_वही

काकू किती नीट सांगितलंत. डाव मोजला, आमचा ८५ भरला 🙂 आता माणसांचं सांगा ना. आम्ही चौघं कमी पडू का?

जुनी_पळी

चौघांपैकी तू आणि नवरा धरूच नका. यजमान आहात, दारात उभं राहावं लागेल, फोटोला बोलावतील. घरची माणसं मदतीत मोजली की ऐनवेळी पातेल्यापाशी कोणीच नसतं.

पाहुणे १५० म्हणून इतके मदतनीस, असं मोजायचं नसतं. सगळ्यात घाईच्या अर्ध्या तासात एकाच वेळी कोणकोणती कामं चालू असतील ते डोळ्यापुढे आण. बुफेच्या एका बाजूने मिनिटाला तीन-चार जण पुढे सरकतात, म्हणजे १५० ना पाऊण तास. दोन्ही बाजूंनी घेता आलं तर निम्मा वेळ. त्या पाऊण तासात भाज्यांवर दोघं, पोळीवर एक, खिरीवर एक. वरण, भात, कोशिंबीर लोक आपलं आपण घेतात. स्वयंपाकाच्या जागेपासून टेबलापर्यंत भरलेली भांडी आणणारा एक, तो दुसरं काहीही करणार नाही. पाण्यावर एक, जेवताना माणशी अर्धा लिटर धर, ७५ लिटर, हात धुवायचं वेगळं. उष्टी ताटं आणि कचरा यावर दोघं. झाले आठ. आत मुख्य करणारी एक आणि हाताखाली दोघं. एकूण अकरा.

सकाळचं वेगळं. ३३ किलो भाजी सोलायची-चिरायची, सवयीचा हात तासाला पाचेक किलो करतो, म्हणजे चौघांना दोन तासांच्या आत. हीच चौघं दुपारी वाढायला येतील. बटाटे आदल्या रात्री चिरून पाण्यात ठेवलेस तरी चालतील.

पोळ्यांचं मात्र नीट ठरव. दोघी लाटणाऱ्या, एक भाजणारी दोन तव्यांवर, तासाला शंभरेक होतात. ४२० ला चार तास. एवढी शेगडी आणि माणसं आहेत का?

बंधू_शेगडीवाला

पोळीऐवजी पुरी करा की. गरमच संपते, कोणी तव्यापाशी अडकत नाही.

जुनी_पळी

पुरी जास्त खाल्ली जाते, चार-पाच धरा, म्हणजे सहाशेच्या पुढे, आणि एक माणूस पूर्ण वेळ कढईपाशी अडकतो. वाईट नाही, पण काम वाचत नाही. पोळ्या एखाद्या करून देणाऱ्या बाईंकडून आणल्या तर तीन माणसं सुटतात. मी तेच करेन.

सायलीची_वही

मंडळी, कार्यक्रम झाला, म्हणून लिहायला आले. १३८ जण आले, त्यात २२ मुलं. पोळ्या बाहेरून आणल्या, चाळीसेक उरल्या. भात साडेआठ किलोचाच शिजवला, बाजूला ठेवलेला तांदूळ लागलाच नाही, भात तीन किलो उरला असेल, लगेच ताटांत काढला. वरण जेमतेम पुरलं, शेवटच्या दहा जणांपर्यंत पातेलं खालून खरवडलं. खीर मुलांनी दोन-दोनदा घेतली तरी पुरली. फ्लॉवरची भाजी मात्र शंभर-एकशेदहा जणांतच संपली, बटाट्याची उरली. आईने हसून बटाटा वाढला, पण मला लागलंच. ८० ग्रॅम कमी होते का?

हिशेबनीस

मला तेच वाटलं होतं. रसभाजीला शंभर तरी हवे, लोक ती पोळीबरोबर आणि भाताबरोबर दोन्हीकडे घेतात.

जुनी_पळी

असेल. पण आधी सांग, त्या भाजीवर कोण उभं होतं आणि हातात डाव कुठला होता?

सायलीची_वही

भाऊ होता. मध्येच मामा आले म्हणून तो भेटायला गेला, वीस मिनिटं तरी. तेवढ्यात लोकांनी स्वतःच घेतली. आणि डाव मोजलेला नव्हता, मोठा होता, आज मोजला तर १४० भरला.

जुनी_पळी

मग ८० कमी होते की डाव मोठा होता हे यावरून सांगता येणार नाही. पुढच्या वेळी ८५ चाच डाव ठेव आणि ९० ग्रॅम धरून बघ. बटाटा किती उरला ते पण लिही, म्हणजे लोकांनी एकीऐवजी दुसरी घेतली का ते कळेल.

सायलीची_वही

बटाटा दीड-दोन किलो उरला असावा, मोजायचा राहिला. जाऊबाईंकडे डिसेंबरमध्ये ८० जणांचं आहे, तिथे दोन्ही भाज्या उरल्यावर मोजून इथेच लिहिते.