'पासंड'ला मराठीत काय म्हणावं?

मुक्ता: धर्मेतिहासाच्या तासासाठी अशोकाचा गिरनारचा बारावा लेख मराठीत उतरवतेय आणि पहिल्याच ओळीला अडकलेय. राजा 'सव पासंडानि' पूजतो, दान देतो. जुन्या टिपणात कुणीतरी बेधडक 'सर्व पाखंड्यांचा सन्मान करतो' असं लिहून ठेवलंय. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, राजा ढोंग्यांना दान का द्यायचा?" सरळ 'धर्म' लिहू का?

अण्णा: टिपण बरोबर आहे. 'पा' म्हणजे वेदधर्म, त्याचं खंडन करतो तो पाखंड. आमच्या गुरुजींनी अशीच फोड सांगितली होती. अशोक बौद्ध, त्यानं वेदविरोधकांना मान दिला, यात नवल ते काय?

लेणीवेडा: अण्णा, ही फोड मागाहून बसवलेली. शाहबाजगढीच्या प्रतीत 'प्रषंड' आहे, तिथं 'पा' कुठून आणणार? आणि गिरनारलाच खाली 'आत्पपासंड' आणि 'परपासंड' अशी जोडी येते. विनाकारण आपल्या पासंडाची थोरवी गाऊ नये, दुसऱ्याच्याला नावं ठेवू नयेत, असं राजा सांगतो. आपल्याच मंडळींना कोण ढोंगी म्हणेल? तेव्हा शब्दाला डाग नव्हता, तो पुढे मनुस्मृतीपर्यंत लागला.
मुक्ताताई, 'धर्म' नको. 'धंम' त्याच्याकडे वेगळा आहे, सगळ्या पासंडांना पाळता येईल अशी वागणूक. कंदाहारच्या ग्रीक भाषांतरातही दोन वेगळे शब्द आहेत: धंमाला 'युसेबिया' आणि पासंडाला 'दियात्रिबे', जो तत्त्वज्ञांच्या मंडळ्यांना लावत. 'पंथ' लिहा.

सई: सगळीकडे वेगळा? त्याच लेखात 'अञमंञस धंमं' ऐकावा असं आहे. एकमेकांचा धंम म्हणजे ज्याचा त्याचा झाला की. मग सामाईक कसला?

लेणीवेडा: हो, ती ओळ मलाही टोचते. तिथं 'शिकवण' म्हणून मी वेळ मारून नेतो.

अण्णा: म्हणजे तुम्ही वेळ मारून न्यायची आणि आम्ही फोड केली की मागाहून बसवलेली! तुकोबा 'पाषांड खंडण' म्हणतात ते काय पंथांचं खंडन? मराठी माणसाला जो अर्थ कळतो तोच लिहावा.

सोपारकर: हा लेख आमच्या नालासोपाऱ्यात सापडलाय ना? लहानपणी काकांनी ती जागा दाखवली होती.

लेणीवेडा: नाही हो. सोपाऱ्याला आठव्या लेखाचा तुकडा 1882 मध्ये आणि नवव्याचा 1956 मध्ये मिळाला. बारावा तिथं मिळालेला नाही.

सोपारकर: मग काका काय दाखवत होते?

मुक्ता: उद्या सकाळी तास आहे. तूर्त 'पासंड' तसाच ठेवते, शेजारी 'पंथ'. सईच्या ओळीचं काय करू?

अण्णा: आणि 'पंथ' म्हटलं की पोरांना नाथपंथ आठवेल, बघा.