शब्द हवा : वर्णरेषेचे ‘औष्णिक’... विस्तार, प्रसरण की रुंदीकरण?

मृणाल : मीटरच्या व्याख्येच्या इतिहासावर एका मासिकासाठी लेख लिहिते आहे. 1960 ते 1983 या काळात मीटर म्हणजे क्रिप्टॉन-86 च्या नारिंगी वर्णरेषेच्या 1650763.73 तरंगलांबी अशी व्याख्या होती. ही रेषा देणारा क्रिप्टॉनचा दिवा 63 केल्विनला, म्हणजे उणे 210 अंश सेल्सिअसला गार ठेवत. मी वाक्य असे केले : ‘औष्णिक विस्तार कमी करण्यासाठी दिवा गार ठेवला जाई.’ संपादकांनी समासात लिहून पाठवले, ‘काच तडकू नये म्हणून का?’ चूक कोणाची?

वसंत : शब्दाची. शाळेत आपण ‘औष्णिक प्रसरण’ शिकलो, रुळांमध्ये फट का ठेवतात ते. ‘औष्णिक विस्तार’ वाचून कोणालाही तेच आठवणार. सरळ ‘रुंदीकरण’ लिहा.

मृणाल : रुंदीकरण म्हटले की मला तर रस्ता, जेसीबी आणि तोडलेली वडाची झाडे दिसतात. रुंदीकरण कोणीतरी मुद्दाम करते. इथे तर ते नको म्हणून आटापिटा चालला होता.

शरद : वर्णपटांशी बरीच वर्षे झटापट केली आहे, म्हणून बोलतो. आम्ही प्रयोगशाळेत बोलताना ‘रेषा रुंदावली’ असेच म्हणायचो. रुंदावणे हे आपोआप होणारे आहे, त्यामुळे क्रियापद चपखल बसते. पण आधी नक्की काय रुंदावते ते पाहू. काच नाही, वायूचे आकारमानही नाही. वायूतला प्रत्येक अणू धावत असतो. आपल्याकडे येणाऱ्या अणूचा प्रकाश किंचित कमी तरंगलांबीचा दिसतो, दूर जाणाऱ्याचा किंचित जास्त. बहुतेक अणूंचा आपल्या दिशेतला वेग थोडाच असतो, म्हणून मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरती अशी घंटेसारखी रेषा मिळते. एकच स्वर असायला हवा तिथे गर्दीचा गलका ऐकू यावा, तसे.

वसंत : म्हणजे तापमान दुप्पट केले की रुंदी दुप्पट.

शरद : नाही, वसंतराव. तापमान अणूच्या गतिज ऊर्जेशी बांधलेले आहे आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून रुंदी तापमानाच्या वर्गमुळाने वाढते आणि अणुभाराच्या वर्गमुळाने घटते :

Δλ = 7.16 × 10⁻⁷ × λ × √(T/M)

T केल्विनमध्ये, M म्हणजे अणुभार. मृणालताईंचाच दिवा घेऊ. तरंगलांबी 605.78 नॅनोमीटर. 63 भागिले 86 चे वर्गमूळ 0.856, म्हणजे रुंदी साधारण 0.00037 नॅनोमीटर. हाच वायू 300 केल्विनला, खोलीच्या तापमानाला ठेवला तर 0.00081. एवढी उस्तवार करून रेषा निम्म्याहून थोडी अधिक आक्रसते, बस्स. पण अंतर मोजणाऱ्यांना तेवढेही मोलाचे होते. रेषा जितकी अरुंद, तितक्या लांबच्या अंतरापर्यंत व्यतिकरणाचे पट्टे स्पष्ट दिसतात.

इरफान : मी रस्त्यावरच्या दिव्यांच्या देखभालीचे काम करायचो. सोडियमचे जुने दिवे चालू केल्यावर आधी शुद्ध पिवळे, मग तापले की सोनेरी आणि पसरट उजेड देत. हेच का ते, तापून रेषा रुंदावणे?

शरद : निरीक्षण अचूक, कारण वेगळे. गणित करून बघा ना. सोडियमचा अणुभार 23, रेषा 589 नॅनोमीटरची. दिव्यात अगदी 4000 केल्विन धरले तरी सूत्रातून 0.0056 नॅनोमीटर निघते. डोळ्याला रंग बदललेला जाणवण्यासाठी याच्या हजारो पट पसारा लागतो. तापल्यावर दिव्यातले सोडियम अधिकाधिक वाफ होते, दाब चढतो, अणू एकमेकांना खेटतात आणि त्यामुळे रेषा फुगते. शिवाय बाहेरची थोडी गार वाफ मधलाच प्रकाश गिळते, म्हणून ऐन मध्यावर काळी खाच पडते. अशी खाच दिसली किंवा रेषेच्या बाजू दूरवर रेंगाळल्या, तर रुंदीवरून तापमान काढायच्या फंदात पडू नये.

इरफान : म्हणजे आम्ही वीस वर्षे ज्याला ‘दिवा पिकला’ म्हणायचो तो दाबाचा खेळ. बरं.

मृणाल : ‘दिवा पिकला’ किती सुंदर! सर, अजून एक. मी ज्या मजकुराच्या आधारे लिहिते आहे त्यात रुंदीसाठी जो शब्द आहे त्याचे मी ‘अर्धरुंदी’ केले आहे. चालेल?

शरद : इथे खरा खड्डा आहे, विस्तार-प्रसरणापेक्षा खोल. शिखराच्या निम्म्या उंचीवर रेषा आरपार मोजली तर येते ती पूर्ण रुंदी. वरचे सूत्र तिचेच आहे. ‘अर्धरुंदी’ वाचून एक जण निम्म्या उंचीवरची पूर्ण रुंदी समजतो, दुसरा मध्यापासून एका बाजूपर्यंतचे अंतर. दुसरा वाचक तुमचे 0.00037 दुप्पट करून सूत्रात घालेल. तापमान रुंदीच्या वर्गाने येते, म्हणून त्याला 63 च्या चौपट, 252 केल्विन मिळतील. उणे 21 सेल्सिअस, घरच्या फ्रीजरइतके! द्रव नायट्रोजनची सगळी मेहनत एका सामासिक शब्दात वाहून गेली.

वसंत : मग ‘निम्म्या उंचीवरची पूर्ण रुंदी’ असेच लांबलचक लिहायचे?

शरद : पहिल्यांदा तरी हो. नंतर नुसती ‘रुंदी’.

मृणाल : आणि मोजलेली रुंदी 0.00037 पेक्षा जास्त निघाली तर दिवा नीट गार झाला नाही असे समजायचे?

शरद : तसे छातीठोक सांगता येत नाही. समजा 0.00048 मिळाली. सूत्र उलटे चालवले तर सुमारे 106 केल्विन येतात. त्यातले काही खरे असू शकते, कारण बाहेरचे भांडे 63 ला असले तरी विजेचा प्रवाह वाहतो तिथला वायू थोडा तापतोच. पण दाब आणि उपकरणाची स्वतःची रुंदीही त्यात मिसळलेली असते. म्हणून मिळते ते तापमान कमाल मर्यादा समजावे. प्रवाह कमी कमी करत रुंदी पुन्हा पुन्हा मोजायची आणि ती कुठे स्थिरावते ते बघायचे. उपकरणाचा वाटा मात्र वेगळा मोजून वजा करावा लागतो, तो प्रवाह घटवून जात नाही.

वसंत : अणुभाराने रुंदी घटते तर क्रिप्टॉनपेक्षा जड झेनॉन का नाही घेतला?

शरद : त्या थंडीत झेनॉनची वाफ जवळजवळ उरतच नाही, दिवा पेटणार कसा? क्रिप्टॉनही 63 ला गोठलेलाच असतो, पण त्यावर चमकण्यापुरती वाफ राहते. आणि 86 हाच समस्थानिक निवडून घेतला, कारण नैसर्गिक क्रिप्टॉनमध्ये अनेक समस्थानिक असतात, त्यांच्या रेषा किंचित सरकलेल्या. गार करूनही ती सरमिसळ जात नाही.

मृणाल : आता वाक्य असे केले आहे : ‘अणूंच्या उष्णताजन्य धावपळीमुळे वर्णरेषा रुंदावते, ते कमी व्हावे म्हणून दिवा 63 केल्विनला ठेवत.’

वसंत : ‘धावपळ’ जरा घरगुती वाटते. ‘गती’ करा. आणि शीर्षकात नाम लागेल तेव्हा काय? ‘रुंदावणे’ शीर्षकात लंगडे पडते. मी अजूनही रुंदीकरणाच्याच बाजूने.

शरद : धावपळ राहू द्या. शीर्षकाचे मात्र मलाही सुचत नाही. ‘रुंदावा’ म्हणावे का, ओलाव्यासारखे?

इरफान : ‘रुंदावा’ चांगला आहे. आमच्या गोदामात कोणी म्हटला असता तर कळला असता.

वसंत : कळला असता, पण कोशात सापडला नसता.