मदत हवी: कथेतली ‘मेहुणी’ यंत्राची की माणसाची?

फोंडेकर: गावच्या वाचनालयाच्या कथास्पर्धेचं परीक्षण करतोय, एका कथेवर अडकलोय. निवेदक सून, गाव सावईवेरे, सण चवथ. भाषा गुळगुळीत, शुद्धलेखनाची एक चूक नाही. पण पहिल्याच पानावर ती नवऱ्याच्या बहिणीला ‘माझी मेहुणी’ म्हणते. बाईला मेहुणी कुठून आली? तिसऱ्या पानावर तीच ‘वहिनी’, शेवटी ‘जाऊ’. माटोळी गणपतीपुढे पाटावर मांडलेली, झेंडूच्या माळांनी सजवलेली. आणि नैवेद्याच्या खतखत्याला कांदा-लसणाची फोडणी! आई असती तर कागद चुलीत गेले असते. यंत्राने लिहिलेली समजून कथा बाद करू का?

सदाशिवपेठकर: डोळे झाकून करा. माझ्याकडे एका कथेत गणपतीला मोदकांऐवजी हळदीच्या पानातल्या पातोळ्या होत्या. लाल शेरा मारला.

केवणीचा दोर: काका, तो शेरा आधी पुसा. चवथीला आमच्याकडे पातोळ्या होतातच, शिजवलेल्या हळदीच्या पानाचा वास म्हणजेच चवथ. आपल्या घरी नाही ते चूक, असं धरलं तर गोव्यातला निम्मा खरा लेखक बाद होईल.

फोंडेकर, मला झेंडूपेक्षा मेहुणी बोलकी वाटते. नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी या चौघींना इंग्रजीत एकच शब्द. माणसाची गफलत झाली तर ती कथाभर तशीच राहते. इथे दर पानावर नातं बदललंय, म्हणजे लिहिणाऱ्यासमोर ती बाई उभीच नव्हती. माटोळीचंही तसंच. ती गणपतीच्या डोक्यावर टांगतात, केवणीच्या दोरांनी कांगलां, सुपारीचे घोस, चिबूड बांधतात. झेंडू कुठल्याही सणाला चालतो, म्हणून तो आला.

शाणूची आई: खतखत्यात तिरफळं किती घालता? माझं दर वेळी कडू होतं.

केवणीचा दोर: सात-आठ पुरेत, आतल्या काळ्या बिया काढून टाका. त्याच कडू.

मडगावची मास्तरीण: माझ्या वर्गातली एक मुलगी घरी इंग्रजीच बोलते. तिने निबंधात आत्याच्या मुलाला ‘मामेभाऊ’ लिहिलं, तेही माझ्यासमोर बसून. मग ती यंत्र का? इंग्रजीत लिहून कुणाकडून मराठी करून घेतलं, तरी हेच होणार.

केवणीचा दोर: बरोबर. खुणा इतकंच सांगतात की मजकूर इंग्रजीवरून आलाय. यंत्राने लिहिला की माणसाने उलटवला, ते त्यावरून कळत नाही. कथा पाठवणाऱ्या मुलाला बोलवा. ‘तुमच्या घरी माटोळी कोण बांधतं?’ एवढंच विचारा.

फोंडेकर: विचारलं. म्हणाला, आमच्याकडे गणपतीच नसतो, मामाकडे जातो. तिथली माटोळी मात्र नीट सांगितली, कांगलांसकट. मग कथेत झेंडू का, तर म्हणे, ‘छान वाटलं म्हणून.’ कच्चा मसुदा मागितलाय, अजून आला नाही.

सदाशिवपेठकर: कांगलां म्हणजे काय हो?