विषय: 'दारू टाळा' हा स्टिकर दारू न पिणाऱ्यासाठी असतो का?

अनघा:
नमस्कार मंडळी. सासरे 72 वर्षांचे आहेत, सध्या आमच्याकडे राहायला आलेत. पाठ धरली म्हणून डॉक्टरांनी सायक्लोबेन्झाप्रीन 5 मिलिग्रॅम दिली, रात्री एक. बाटलीवर पिवळा स्टिकर आहे: झोप येऊ शकते, दारूने हा परिणाम वाढतो, गाडी चालवताना जपा. बाबा दारूला शिवतही नाहीत, गाडीही चालवत नाहीत. म्हणून स्टिकर वाचला आणि सोडून दिला. परवा सर्दी झाली म्हणून झोपताना घरातल्या सर्दीच्या 'रात्रीच्या' दोन गोळ्याही दिल्या. काल सकाळी दहा वाजले तरी बाबा पेंगत होते. बाथरूमच्या उंबऱ्याशी झोक गेला, मी हात धरला म्हणून पडले नाहीत. शिवाय हिरडीसाठी मेट्रोनिडाझोल सुरू आहे. त्यावर लाल स्टिकर: दारू पिऊ नका. दोन्ही स्टिकर एकाच अर्थाचे का?

विलासकाका:
अनघा, पिवळा म्हणजे जपा, लाल म्हणजे मनाई, सिग्नलसारखं. आणि झोप आणणारं औषध रात्री घेतलं की प्रश्न मिटतो, सकाळपर्यंत उतरतं. मी स्वतः तसंच करतो.

शुभदाताई:
अनघा, आधी ती सर्दीची गोळी बंद कर आणि फार्मसीला फोन करून दोन्ही नावं सांग. बाबा हाक मारूनही नीट जागे होत नसतील किंवा श्वास मंद वाटत असेल, तर फोनात वेळ न घालवता इमर्जन्सीला न्या.

मी वीस वर्षं काउंटरमागे हे स्टिकर लावते. काका, रंगांचा ठरलेला नियम नाही, प्रत्येक फार्मसीचा आपला रोल असतो. मजकूरच वाचावा लागतो.

पिवळ्या स्टिकरवर 'दारू' लिहिलंय, पण ते एक उदाहरण आहे. मेंदू मंद करणाऱ्या दोन गोष्टी एकत्र आल्या की झोपेत भर पडते, इतकंच त्यात सांगितलंय. ती दुसरी गोष्ट दारू असेल, झोपेची गोळी असेल, नाहीतर सर्दीची गोळी. अनघा, पाकिटामागे बारीक अक्षरात डायफेनहायड्रामीन किंवा डॉक्सिलअमीन आहे का बघ. असेल तर ज्याला भ्यायचं ते बाबांनी दारू न पिताच घेतलं. दोन्ही औषधांनी तोंडही कोरडं पडतं आणि वयस्कर पुरुषांना लघवी अडू शकते, तेही विचार.

रात्री घ्यावं हे काकांचं बरोबर आहे, पण 'सकाळपर्यंत उतरतं' हे नाही. सायक्लोबेन्झाप्रीन निम्मं व्हायलाच साधारण 18 तास लागतात, उतारवयात त्याहून जास्त. म्हणजे सकाळी दहाला कालची गोळी अंगात असते आणि रात्री तिच्यावर दुसरी पडते.

लाल स्टिकरचं कारण निराळं आहे. तिथे झोपेचा प्रश्न नाही. मेट्रोनिडाझोलवर दारू घेतल्यास चेहरा लाल होणं, मळमळ, उलटी, धडधड, डोकेदुखी असा त्रास होऊ शकतो. म्हणून कोर्स चालू असताना आणि शेवटच्या गोळीनंतरही पथ्य पाळायचं. काही देशांच्या पत्रकांत किमान 3 दिवस लिहिलंय, काहींत 2. इथेही न पिणारा सुटत नाही: रात्रीच्या सर्दीच्या काही पातळ औषधांत 10 टक्के अल्कोहोल असतं.

रोहित:
माझ्या सिप्रोफ्लॉक्सासिनवर 'दूध नको' असा स्टिकर होता. मी आठवडाभर चहासुद्धा सोडला. तसाच प्रकार ना हा?

शुभदाताई:
नाही रे रोहित, तिथे फक्त वेळेचा प्रश्न. दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि ते रक्तात कमी पोचतं. कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर गोळी घेतली असतीस तर चहा सोडावा लागला नसता.

विलासकाका:
ताई, मेट्रोनिडाझोलची ही भीती फोल आहे असं माझा डॉक्टर पुतण्या म्हणतो.

शुभदाताई:
तो वाद खरा आहे, काका. 2002 मध्ये फिनलंडमध्ये निरोगी पुरुषांना दोन्ही देऊन पाहिलं, तो ठरावीक त्रास दिसला नाही. पण मोजकी निरोगी माणसं आणि 72 वर्षांचा रुग्ण सारखे नव्हेत. आणि रुग्णांना त्रास झाल्याच्या नोंदीही आहेत. पत्रकातली सूचना आहे तोवर मी स्टिकर लावणारच.

अनघा:
पाकीट पाहिलं. प्रत्येक गोळीत डायफेनहायड्रामीन 25 मिलिग्रॅम, म्हणजे दोन गोळ्यांत 50. फार्मासिस्टने ती बंद करायला सांगितली, डॉक्टरांना कळवलं, आणि आजची पाठीची गोळी त्यांचं उत्तर येईपर्यंत थांबवलीय. बाबा आता नीट बोलतायत, लघवीही होतेय. कपाटात खोकल्याची पातळ बाटलीही आहे, तिच्यामागचं सगळं उद्या इथे टाइप करते. ताई, बघाल ना?