डॉक्टरांसमोरचं पहिलं वाक्य

"डाव्या वृषणात जडपणा आहे. आरशासमोर बोलून बघतोय, पण 'खाली दुखतं'च्या पुढे गाडी जात नाही."

'खाली'मधून डॉक्टरांना काहीच कळत नाही. जागेचं नाव पहिल्याच वाक्यात येऊ दे: "डॉक्टर, डाव्या वृषणात महिनाभर ओढल्यासारखं दुखतंय. बराच वेळ उभं राहिलो की वाढतं, आडवा झालो की कमी होतं. मार लागलेला नाही, लघवीला जळजळ नाही." यातलं तुला लागू असेल तेवढंच ठेव. रिसेप्शनवर कारण विचारलं तर "डॉक्टरांनाच सांगतो" एवढं पुरे.

उभं राहून वाढणारं दुखणं बऱ्याचदा फुगलेल्या शिरांमुळे, म्हणजे व्हेरिकोसीलमुळे असतं. म्हणून डॉक्टर तुला उभं करून, श्वास रोखून जोर करायला लावून तपासतील आणि मग बहुधा सोनोग्राफी सांगतील. वृषणात कडक गाठ लागत असेल, ती दुखत नसली तरी, तेच सगळ्यात आधी सांग.

मात्र अचानक जोराची कळ आली, उलटी झाली किंवा वृषण वर ओढलं गेलं, तर सराव करत बसू नकोस, रात्र असली तरी तडक इमर्जन्सीत जा. वृषणाला पीळ पडला असेल तर ते वाचवायला साधारण ६ तासच हाताशी असतात.