गार्डेड हॉट प्लेटचा निष्कर्ष: त्रुटींची नुसती यादी पुरेशी आहे का?

शलाका
दोन्ही बाजूंना थर्माकोलचे ५० मिमी जाडीचे तुकडे लावून वाहकता मोजली. मधली मापनाची प्लेट १५० मिमी चौरस, गरम बाजू ४५ अंश, थंड बाजू २५, हीटरला ०.७० वॅट. उत्तर ०.०३९ आलं, पुस्तकात ०.०३५ आहे. निष्कर्षात लिहिलंय, "फरकाची कारणे: संपर्करोध, कडेने होणारा उष्णतेचा ऱ्हास, थर्मोकपलची अचूकता, मानवी चूक." सर म्हणतात, हा निष्कर्षच नाही. काय कमी पडतंय?

उष्मागती
प्रत्येक कारणापुढे दोन गोष्टी हव्यात: त्याने उत्तर वाढतं की घटतं, आणि साधारण कितीने. तुमचं पहिलंच कारण उलट दिशेचं आहे. प्लेट आणि तुकडा यांच्यात हवेची फट राहिली तर रोध वाढतो आणि वाहकता कमी दिसते. तुमची तर जास्त आलीय. शिवाय ५० मिमी थर्माकोलचा रोध सुमारे १.४ आहे. दोन्ही पृष्ठांवर ०.१ मिमीची फट धरली तरी भर पडते ०.००८ची, म्हणजे अर्धा टक्का. तुम्हाला अकरा टक्क्यांचा हिशोब द्यायचाय. हे कारण यादीतून काढा, किंवा ते नगण्य का आहे ते एका ओळीत लिहा.

काचवाला
संपर्करोध नगण्य? आम्ही २० मिमी काच मोजली तेव्हा तापमानाचा मोठा वाटा त्या फटीतच जात होता. मऊ रबराचे पातळ पत्रे मध्ये घालून थर्मोकपल थेट काचेवर बसवले, तेव्हा कुठे आकडे जागेवर आले.

उष्मागती
काचेत तसंच होणार. २० मिमी काचेचा स्वतःचा रोध ०.०२च्या आसपास, त्यात ०.००८ म्हणजे फार झालं. इथे प्रश्न थर्माकोलचा आहे.

मिलिंद_के
मला तर यादीत काही गैर वाटत नाही. विद्यार्थ्याने संभाव्य कारणं सांगावीत, प्रत्येकाचं गणित मांडायला वेळ कुठून आणायचा? आणि खरं कारण उघड आहे: गार्ड. गार्ड मधल्या प्लेटपेक्षा थंड असेल तर हीटरची थोडी उष्णता तुकड्यातून न जाता आडवी गार्डकडे पळते, आणि आपण ती तुकड्यातून गेली असं धरतो. शलाका, नोंदवहीत गार्डचं तापमान किती आहे?

शलाका
गार्ड ४४.७, मधली प्लेट ४५.०.

मिलिंद_के
झालं तर! ०.३ अंश थंड. तेवढी दुरुस्ती करा आणि ०.०३५ लिहून टाका.

उष्मागती
दिशा तुम्ही बरोबर ओळखली, पण "लिहून टाका" मला अजिबात मान्य नाही. वेगवेगळ्या दोन थर्मोकपलांमध्ये ०.३चा फरक दोन्ही ठिकाणी एकच तापमान असतानाही दिसू शकतो. आधी हीटर बंद ठेवून, थंड प्लेटा खोलीच्याच तापमानाला आणून, सगळं उपकरण रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी दोघांत जो फरक दिसेल तो थर्मोकपलांचा. मग मधली प्लेट तशीच ठेवून गार्ड मुद्दाम अर्धा अंश वर, मग अर्धा अंश खाली न्या, आणि प्रत्येक वेळी स्थिर झाल्यावर वॅट नोंदवा. समजा एका अंशामागे ०.२ वॅटचा फरक पडला, तर ०.३ अंश म्हणजे ०.०६ वॅट. ०.७० ऐवजी ०.६४ धरलं की उत्तर ०.०३५६. हा उतार मधली प्लेट आणि गार्ड यांच्यातल्या फटीवर आणि तिच्यातून जाणाऱ्या तारांवर अवलंबून असतो. माझा ०.२ हा फक्त उदाहरणाचा आकडा आहे, तो उचलू नका.

सावनी
मला या सगळ्या चर्चेचा पायाच खटकतोय. उत्तर ०.०३५ आलं असतं तर कोणी गार्डकडे पाहिलं असतं का? पुस्तकातला आकडा बहुधा १० अंश सरासरी तापमानाचा असतो. शलाकाचं सरासरी ३५ आहे. थर्माकोलची वाहकता एका अंशाला साधारण एक तृतीयांश टक्क्याने वाढते. २५ अंशांना आठेक टक्के, म्हणजे ०.०३५चे जवळजवळ ०.०३८ झाले. फरकाचा बहुतेक भाग इथेच संपतो, गार्डला हात न लावता.

मिलिंद_के
मग गार्डचे ०.३ अंश कुठे गेले? दोन्ही दुरुस्त्या केल्या तर १० अंशांना ०.०३३ येईल, म्हणजे पुस्तकाच्याही खाली.

सावनी
मग ०.०३३ खोटंच कशावरून? घनतेप्रमाणे थर्माकोल बदलतो, हलका तुकडा जास्त वाहतो. तुकड्यांचं वजन केलंय का?

शलाका
वजन नाही केलं. जाडीही वेष्टनावरची धरली.

उष्मागती
मग कॅलिपरने दोन्ही तुकड्यांची जाडी चार-पाच ठिकाणी मोजा. ती प्रत्यक्षात ४८ निघाली तर उत्तर चार टक्क्यांनी खाली येईल. सावनीताईंचा तापमानाचा मुद्दा मला पटतो, तो पहिल्या परिच्छेदात घ्या. पण तपासणी न करता गार्डला निर्दोष ठरवणं मला पटत नाही. निष्कर्षात मोजलेलं ०.०३९ सरासरी तापमानासह लिहा, गार्डचा उतार आणि त्यामुळे पडणारा फरक त्याखाली द्या.

सावनी
उतार मोजून झाला तर दुरुस्त केलेला आकडाच मुख्य असावा. मोजलेला खाली, कच्च्या नोंदींत.

शलाका
आज रात्री हीटर बंद ठेवून थर्मोकपल तपासते. गार्ड अर्धा अंश हलवल्यावर स्थिर व्हायला किती थांबू?

उष्मागती
घड्याळ लावून थांबू नका. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या लागोपाठच्या नोंदींत वाहकता एका टक्क्याच्या आत राहिली पाहिजे, आणि ती एकाच दिशेने सरकत नसली पाहिजे. ही दुसरी अट लोक विसरतात.