गिधाड आकाशात 'तरंगतं' की 'घिरट्या घालतं'?

पाचोळा: एका लेखाचं भाषांतर करतोय. गिधाडं आणि घारी पंख न हलवता उंचावर बराच वेळ फिरत राहतात, त्यासाठी मी 'तरंगणे' वापरलं. संपादकांनी ते खोडून 'घिरट्या घालणे' केलं. मला 'घिरट्या'त संशयाचा वास येतो. कोणी घराभोवती घिरट्या घालतंय म्हटलं की त्याचा हेतू बरा नसणार, असंच वाटतं ना? योग्य शब्द कोणता?

जुनी पाटी: संपादकांचंच बरोबर आहे. हेतू असतोच की! खाली मेलेलं जनावर दिसलं की गिधाडं त्याच्यावर घिरट्या घालतात, तिथूनच हा अर्थ माणसांना चिकटला असणार.

माळरान: शब्दाचं माहीत नाही, पण पक्ष्याचं तसं नाही. मढं दिसलं की गिधाड खाली उतरतं. त्याला उतरताना पाहून लांबची गिधाडंही तिकडे वळतात. वर गोल गोल फिरणारं गिधाड बहुतेक वेळा फक्त उंची कमावत असतं. नजर खाली असते हे खरं, पण गोल फिरण्याचं कारण ते नाही.

जुनी पाटी: मग कारण काय? वारा त्याला पतंगासारखा धरून ठेवतो, एवढंच ना? म्हणजे 'तरंगणे'ही चालेल.

माळरान: पतंगाला मांजा असतो, म्हणून वारा त्याच्यावर आदळतो. मांजा तुटला की पतंगाचं काय होतं ते आठवा. सुटा पक्षी वाऱ्याबरोबरच वाहत जातो, नुसत्या आडव्या वाऱ्याने त्याला आधार मिळत नाही. डोंगरकड्याला धडकून वारा वर वळला तर गोष्ट वेगळी. तिथे घार गोल न फिरता कड्याला धरून येरझारा घालते.

मोकळ्या रानात काम वेगळ्या तऱ्हेने चालतं. उन्हाने खडक, नांगरलेली जमीन लवकर तापते; पाणी आणि दाट हिरवळ मागे राहते. तापलेल्या तुकड्यावरची हवा हलकी होऊन वर निघते. वावटळीत धूळ वर चढताना आपण पाहतो, तो अशाच चढत्या हवेचा खालचा टप्पा. धूळ नसली की हे डोळ्यांना दिसत नाही, एवढंच.

पंख पसरलेलं गिधाड त्या हवेत खरं तर सतत खाली घसरत असतं, सेकंदाला साधारण 1 मीटर. हवा मात्र 3 मीटरने वर चाललीय असं धरा. म्हणजे पक्षी निव्वळ 2 मीटरने चढला. पाच मिनिटांत 600 मीटर, एकदाही पंख न मारता. पण हा झोत अरुंद असतो. सरळ गेलं तर काही सेकंदांत बाहेर पडेल, म्हणून वळत राहायचं. 25 मीटर त्रिज्येचं वर्तुळ, वेग सेकंदाला 10 मीटर, तर एक फेरी सुमारे सोळा सेकंदांची.

पाचोळा: मग वर्तुळ आणखी लहान का करत नाही? झोताच्या मधोमध राहील की.

माळरान: जितकं लहान वर्तुळ, तितकं जास्त कलावं लागतं आणि घसरणं वाढतं. त्यामुळे मधला मार्ग काढतं. वर पोचलं की फेऱ्या सोडून लांब घसरत पुढचा झोत गाठतं. मीटरभर उतरताना पंधरा मीटर पुढे गेलं, तर कमावलेल्या 600 मीटरमध्ये 9 किलोमीटर जातं.

उंच माझा: मी पॅराग्लायडिंग करतो, आम्ही याला सरळ 'थर्मल' म्हणतो. घार फिरताना दिसली की तिच्याकडे वळायचं, तिथे थर्मल असतोच. एकदा घारीमागे गेलो, ती वर गेली आणि मी शेतात उतरलो. तिचं वर्तुळ एवढं लहान होतं की मी झोताच्या कडेबाहेरच फिरत होतो. कडेबाहेर हवा खाली येत असते, ते तेव्हा नीट कळलं.

शब्दवेडी: म्हणजे 'तरंगणे' बादच. फुगा तरंगतो, लाकूड तरंगतं. हा पक्षी घसरतोय. पण 'घसरणे' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल पडतोय! म्हणीतली घार बघा, 'हिंडते आकाशी'. उडते नाही, हिंडते.

जुनी पाटी: हिंडण्यात चढणं कुठे आलं? आणि सकाळी गिधाडं झाडावर, कड्यावर नुसती बसलेली दिसतात, तो आळस नाही म्हणायचा?

माळरान: नाही. जमीन तापेपर्यंत वाट बघतात. जड अंगाने पंख मारत उडणं फार महागात पडतं. दक्षिण अमेरिकेतल्या अँडियन काँडोर गिधाडांवर उपकरणं बसवून पाहिलं, 2020 साली ते प्रसिद्ध झालं. उडण्याच्या एकूण वेळेपैकी जेमतेम 1 टक्का वेळ ते पंख मारत होते, तेही जास्त करून जमिनीवरून उठताना. एक पक्षी तर पाच तासांहून जास्त वेळ, 172 किलोमीटर, पंख न मारता गेला. घार हलकी असते, ती सकाळी लवकर निघते आणि मधून मधून पंखही मारते. तुमच्या लेखात दोघांना एकाच वाक्यात कोंबलंय, ते जरा सैल करा.

पाचोळा: मग 'घिरट्या घेत वर चढतात' लिहू? 'घालत'ऐवजी 'घेत' केलं की संशय कमी होतो.

शब्दवेडी: चढतानापुरतं छान. पण पुढे ते सरळ लांब जातात, त्याला काय म्हणणार?

उंच माझा: आम्ही 'ग्लाइड मारली' म्हणतो, पण ते तुमच्या संपादकांना चालणार नाही.